बाराखडी पाठ, पण शब्द वाचता येईना

“मॅडम, पोरगं दुसरीत गेलं. बाराखडी घडाघडा म्हणतंय. पुस्तकातला धडा बी म्हणून दाखवतंय. पण दुसरं कायतरी वाचायला दिलं की गप्पच. डोक्यात कायतरी कमी तर नसंल न्हवं?”

उचगावहून आलेल्या आईचा हा प्रश्न. वडिलांचं कोल्हापुरात चप्पल लाईनीत दुकान. मुलाला आपण इथं नीरज म्हणू.

आधी तोंडी खेळ घेतला. मी ‘क... पा... ट’ असं तुटक म्हटलं, तर त्यानं लगेच ‘कपाट’ म्हटलं. ‘मासा’मधला ‘मा’ काढला तर काय उरतं? ‘सा.’ म्हणजे कानानं आवाज जोडणं आणि तोडणं त्याला जमत होतं. मग अक्षरांची कार्डं पिसून एकेक समोर धरली. ‘ल’ आल्यावर तो ओठांत ‘य, र, ल’ पुटपुटला. ‘की’ दाखवल्यावर ‘क, का, कि, की’. अडचण इथं होती. त्याला क्रम पाठ होता, सुटं अक्षर ओळखीचं नव्हतं. दरवेळी रांगेच्या टोकापासून चालत यायचं म्हटल्यावर तिसऱ्या अक्षरापर्यंत पहिलं विसरायला होतंच. धडा तो चित्रावरून आणि आठवणीनं म्हणत होता.

म्हणून बाराखडी काही दिवस बाजूला ठेवायला सांगितली. आईला ते पटेना. ‘शाळेत रोज म्हणून घेत्यात की’ म्हणाल्या. शाळेत म्हणू दे, घरी नको, एवढ्यावर तडजोड झाली.

पहिला गट फक्त पाच अक्षरांचा घेतला: क, म, ल, न, स. सोबत एकच स्वरचिन्ह, काना. एवढ्यावरही नाक, कान, मामा, मान, लाल, माल असे खरे शब्द होतात. ‘घ-ध’ किंवा ‘म-भ’ अशी सारखी दिसणारी अक्षरं एका गटात घ्यायची नाहीत. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

वाचायचं कसं, ते महत्त्वाचं. नीरज ‘क, मा, न’ असं सुटं म्हणायचा आणि शेवटी ‘नका’ किंवा मनाला येईल ते सांगायचा. त्याला सांगितलं की शब्द झाकायचा आणि एकेक अक्षर उघडायचं. आधी ‘क’. मग पुन्हा सुरुवातीपासून ‘कमा’. मग पुन्हा ‘कमान’. नवं अक्षर आलं की मागचं सगळं जोडूनच म्हणायचं, म्हणजे पहिलं निसटत नाही. शेवटचा ‘न’ लांबवायचा नाही. सुटं अक्षर शिकताना आपण ‘नऽ’ म्हणतो, पण ‘मान’मध्ये तो तोकडाच उच्चारतो. मूल ‘माऽनऽ’ म्हणत राहिलं तर त्याला आपलाच शब्द ओळखू येत नाही. यासाठी ‘माल-मला’, ‘नाक-नका’ अशा जोड्या फार कामाच्या. काना कुठं आहे ते पाहिल्याशिवाय त्या वाचताच येत नाहीत.

रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठवड्याच्या शेवटी तपासणी. पिसलेल्या दहा कार्डांपैकी निदान आठ न पुटपुटता ओळखता आली पाहिजेत. शिवाय ‘सना’, ‘लाक’, ‘नामस’, ‘मकाल’ असे अर्थ नसलेले चार शब्द. ही परग्रहावरच्या पोरांची नावं आहेत असं सांगायचं. इथं अंदाज चालत नाही, त्यामुळे मूल खरंच वाचतंय की ओळखीच्या शब्दावर उडी मारतंय ते लगेच कळतं. नीरजनं पहिल्यांदा ‘मकाल’ला ‘कमाल’ म्हटलं. मग पुढचा गट न देता त्याच अक्षरांवर आणखी एक आठवडा.

त्यानंतर र, त, प, ण, श आणि दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. मराठीत शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घच येते, त्यामुळे पाणी, राणी, काकी असे भरपूर शब्द पहिलीवाचून मिळतात. वडिलांना दुकानाच्या पाटीवरचं ‘चप्पल’ वाचून घ्यायची घाई होती. त्यांना थांबवलं, जोडाक्षर सगळ्या स्वरचिन्हांनंतर. त्याऐवजी खोक्यावर ‘कापशी’ लिहून द्यायला सांगितलं. नीरजनं ते ‘का, काप, कापशी’ असं वाचलं आणि मग रॅकवरची तीच चप्पल काढून आणली.

हे सगळ्यांना पुरतंच असं नाही. तोंडी ‘क... पा... ट’सुद्धा जुळत नसेल, किंवा दोन-तीन महिने नेमानं करूनही पहिल्या गटातली अक्षरं रोज नव्यानं विसरत असतील, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, पण तिच्या दाखल्यासाठी मूल साधारण आठ वर्षांचं व्हावं लागतं. सराव मात्र तोवर थांबवायचा नाही.

नीरजला चाचणीला पाठवायची गरज वाटली नाही. सध्या त्याची पहिली वेलांटी चालू आहे. ‘दिवा’ वाचताना बोट आधी ‘द’वर ठेवायचं, वेलांटीवर नाही, एवढं आई त्याला आठवण करून देते.