मायग्रेनमध्ये गोळी पोटात टिकत नाही तेव्हा काय करावं?

प्रश्न: आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. रंगपंचमीला गेर बघून आल्यावर साडेअकराला बायकोचं डोकं दुखायला लागलं. पाऊण वाजता मळमळ फार वाढली म्हणून पॅरासिटामॉल ६५० दिली, वीस मिनिटांत उलटी झाली. लगेच दुसरी दिली, तीही पडली. मग मेडिकलवाल्याने ऑनडॅनसेट्रॉन दिली. उलटी थांबली, डोकं संध्याकाळपर्यंत तसंच. गोळी परत द्यायला हवी होती का? आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने खरंच काही होतं, की ती नुसती समजूत आहे?

उत्तर:

दुसरी गोळी इतक्या लगेच द्यायला नको होती. पण त्या दिवशी खरी अडचण उलटीची नव्हती. पाऊण वाजेपर्यंत पोट आधीच थांबलेलं होतं.

गोळी जठरात विरघळते, पण रक्तात जाते ती मुख्यतः पुढच्या लहान आतड्यातून. जठराने तिला पुढे ढकललं नाही, तर ती पाण्यात विरघळून तिथेच पडून राहते. एरवी रिकाम्या पोटी घेतलेलं पॅरासिटामॉल अर्ध्या-एक तासात रक्तात भरपूर पोचतं. त्याचा हा वेग जठर रिकामं होण्यावर इतका अवलंबून असतो, की जठर किती वेगाने रिकामं होतंय हे तपासायला डॉक्टर कधीकधी पॅरासिटामॉलच देतात आणि रक्तातलं प्रमाण मोजतात. मायग्रेनच्या झटक्यात जठराची हीच हालचाल मंदावते. नुसती मळमळ असते, उलटी अजून झालेलीही नसते, तेव्हाच हे सुरू झालेलं असतं. म्हणून ‘गोळी घेऊन दोन तास झाले, उलटीही नाही, तरी फरक नाही’ ही तक्रारही पुष्कळदा याच कारणाची असते.

उलटी या उशिरात आणखी भर घालते. उलटी होण्याच्या थोडं आधी लहान आतड्याची एक जोरदार उलट लाट येते आणि आतड्यात गेलेला भागही परत जठरात आणते. त्यामुळे गोळीचा जो थोडा अंश पुढे सरकला होता, तोही बाहेर पडू शकतो. आणि दरम्यान दुखणं थांबून वाट बघत नाही. एक-दोन तासांत मेंदूतल्या वेदनेच्या वाटा इतक्या चेतवल्या जातात की केसांतून कंगवा फिरवला, उशीला कानशील टेकलं तरी दुखतं. त्या टप्प्यावर गोळी पोचली तरी तिचा जोर कमी पडतो, मायग्रेनच्या खास गोळ्यांचासुद्धा (सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे). पहिल्या अर्ध्या तासाला इतकं महत्त्व आहे ते यामुळे.

आता मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीबद्दल. ऑनडॅनसेट्रॉन उलटी चांगली थांबवते, पण ती जठराला पुढे ढकलत नाही. उलट तिने बद्धकोष्ठ होतं, आणि डोकेदुखी हा तिचाच एक नेहमीचा दुष्परिणाम आहे. पोट शांत झालं आणि डोकं तसंच राहिलं, यात म्हणून नवल नाही. मायग्रेनमध्ये दोन्ही कामं करणारं औषध लागतं: मळमळ कमी करणारं आणि जठर चालतं करणारं. डोमपेरिडोन १० मिलिग्रॅम किंवा मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम ही ती दोन. पट्टी उलटी करून मागचं बारीक नाव वाचा. ‘उलटीची गोळी द्या’ एवढंच म्हटलं की बहुतेक वेळा ऑनडॅनसेट्रॉनच हातात पडते.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डोमपेरिडोनची गोळीसुद्धा गोळीच आहे, तिलाही त्याच बंद वाटेने जायचं असतं. मळमळ पुरती भडकल्यावर ती घेतली तर तीही तिथेच अडकते. म्हणून ही गोळी उलटी झाल्यावर घेण्याची नाही, आधी घेण्याची आहे. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांचाही असाच गैरसमज आहे. त्या पाण्याशिवाय घेता येतात एवढाच फायदा; विरघळलेलं औषध लाळेबरोबर गिळलं जातं आणि बहुतांशी आतड्यातूनच शोषलं जातं. तोंडात विरघळली म्हणजे थेट रक्तात गेली, असं नव्हे.

तुमचाच दिवस पुन्हा मांडून बघू. साडेअकराला वहिनींचं डोकं दुखायला लागलं आणि हे नेहमीचंच मायग्रेन आहे हे ओळखू आलं. तेव्हा मळमळ नसली तरी डोमपेरिडोन १० ची एक गोळी, अर्धा पेला पाण्याबरोबर. पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे बाराच्या आत, वेदनेची गोळी पूर्ण मात्रेत. पन्नास किलोच्या वरच्या प्रौढाला पॅरासिटामॉलची पूर्ण मात्रा १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. एकटी ६५० पुष्कळांना अपुरी पडते. डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन ५०० लिहून दिली असेल तर ती एक, दोन बिस्किटं पोटात घालून. दुखणं झपाट्याने चढणारं असेल तर ही पंधरा मिनिटंही थांबू नका, दोन्ही एकत्र घ्या. नॅप्रोक्सेन आणि डोमपेरिडोन एकाच गोळीत मिळतात ते याचसाठी. गोळी घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं होऊ नये, ती अन्ननलिकेत चिकटते आणि छातीत जळजळते. पेलाभर पाणी, दहा मिनिटं टेकून बसणं, मग खोली. हे जमलं असतं तर पाऊण वाजता, जेव्हा तुम्ही पहिली गोळी काढलीत, तेव्हा तिचा असर सुरू झालेला असता.

इतकं करूनही उलटी झालीच, तर परत द्यायची का? भांड्यात बघा. गोळी अख्खी किंवा ओळखू येईल अशी पडली असेल तर ती गेली समजा. अर्धा तास थांबून एकदाच परत द्या. नुसतं पाणी, पित्त पडलं आणि गोळी दिसली नाही, तर ती पोटात गेली असंच धरून मोजा. जठर थांबलेलं असताना किती आत राहिली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढे जठर मोकळं झालं की साठलेलं सगळं एकदम पोचतं. पॅरासिटामॉल चोवीस तासांत कुठल्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर नको, दोन मात्रांत किमान चार तास हवेत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.

दर वेळी असंच होत असेल तर गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही, वाट बदलायला हवी. ट्रिप्टानचा नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन, डायक्लोफिनॅकची गुदद्वारातून ठेवायची बत्ती, नाहीतर दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइड शिरेतून. हृदयविकार किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान चालत नाही, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा, झटक्याच्या दिवशी नव्हे. मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन सावकाश, तीन मिनिटं तरी घेऊन द्यायचं असतं. भसकन दिलं की विलक्षण अस्वस्थपणा येतो, माणूस खाटेवरून उठून पळायला बघतो.

या दोन्ही औषधांच्या मर्यादा आहेत. डोमपेरिडोन दिवसाला तीन गोळ्यांच्या वर नको. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना नको, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल चालू असताना नको. मेटोक्लोप्रामाइडने क्वचित, तरुण मुलींमध्ये जास्त, मान एका बाजूला वळते, जबडा आखडतो, डोळे वर चढतात. घरचे घाबरतात, कोणी फिट म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. ही औषधाची प्रतिक्रिया असते आणि इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरते, पण दवाखान्यात जावं लागतं आणि कोणती गोळी घेतली हे तिथे सांगावं लागतं. एकदा झालं असेल तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही. गरोदरपणात यातलं काहीही विचारल्याशिवाय नको.

आता अंधारी खोली. ती समजूत नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघण्याचं नसून उजेड किती आहे हे कळवण्याचं असतं. त्यांचा निरोप मेंदूत थॅलॅमसच्या त्याच पेशींपर्यंत जातो जिथे मायग्रेनची वेदना पोचते, आणि वेदना वाढते. दृष्टी जवळजवळ गेलेल्या पण उजेड जाणवणाऱ्या माणसांचंही मायग्रेन उजेडाने वाढतं, ते यामुळेच. रंगपंचमीच्या उन्हात राजवाड्यासमोर उभं राहून आलेल्या डोक्याला घरातली ट्यूबलाइटही पुरते.

पण अंधाराइतकीच महत्त्वाची आहे स्थिरता, आणि ती लोक विसरतात. डोकं हललं, वाकलं, जिना चढला की ठणका वाढतो, त्याबरोबर मळमळ. म्हणून बादली पलंगाशेजारी हाताशी ठेवा, पाणी उशाशी. मोरीपर्यंतच्या प्रत्येक फेरीने उलटी जवळ येते. डोकं दोन उशांवर थोडं उंच, अंग कुशीवर, म्हणजे गुंगीत उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. पडद्याच्या फटीतून ऊन येत असेल तर वरून जाड चादर टाका, मोबाइल खोलीबाहेर. कपाळाला किंवा मानेला कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. वासाचं तर विचारूच नका: फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल, कूलरच्या खसाच्या ताट्यांचा ओला वासही काहींना सोसत नाही. त्या दिवशी पोह्यांचा आणि जिरावणाचा घमघमाट घरात नको, बाकीच्यांनी बाहेर खाऊन यावं. खायचा आग्रह नको. चमचा-चमचा ओआरएस दर काही मिनिटांनी.

खोलीत पडून झोप लागली तर फारच चांगलं, पुष्कळांचा झटका झोपेत उतरतो, मुलांचा तर हमखास. मात्र अंधार ही गोळीची जागा घेत नाही. ‘आधी पडून बघते, नाही थांबलं तर गोळी घेते’ यात नेमका तो पहिला अर्धा तास जातो. आणि झटका नसताना घरात काळा चष्मा लावून वावरण्याची सवय लावू नये, डोळे उजेडाला आणखी हळवे होतात.

वेदनेच्या साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस लागायला लागल्या, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. तिथपर्यंत जायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचं विचारा. डोकं एकाएकी, आयुष्यात कधी नव्हतं असं फुटायला लागलं, तापाबरोबर मान ताठ झाली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा पाणीही टिकत नाही आणि आठ तास लघवी नाही, तर अंधाऱ्या खोलीत थांबू नका, सरळ एम.वाय. किंवा जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत न्या.