पुसलेली भाग्यरेषा आणि म्हातारा हात

प्रश्न : हातावरच्या रेषा वयानुसार बदलतात का? बदलत असतील तर वयस्कर माणसाचा हात बघताना हस्तरेषावाले त्याचा हिशेब कसा धरतात?

आयुष्यरेषा, मस्तकरेषा आणि हृदयरेषा आपली जागा सोडत नाहीत. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्या उमटतात, आणि तिथे कातडी खालच्या थराला घट्ट बांधलेली असते. बदलतात त्या बारीक रेषा : फाटे, आडव्या रेघा, आणि बऱ्याचदा उभी भाग्यरेषाही. वजन उतरलं, काम बदललं, कातडी कोरडी पडली की त्या कधी गडद होतात, कधी दिसेनाशा होतात.

मी सांगलीत हात बघतो आणि जमेल तेव्हा ठसे घेऊन त्यावर तारीख घालून ठेवतो. वयस्कर हाताची खरी अडचण एका हातावरून सांगतो. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांचा चाळिशीतला ठसा माझ्याकडे आहे. त्यात भाग्यरेषा मनगटापासून मधल्या बोटाकडे सरळ गेलेली आहे. साठी उलटल्यावर ते पुन्हा आले ते धास्तावूनच. जत्रेत कुणीतरी सांगितलं होतं, "काका, मस्तकरेषेच्या वर तुमचं भाग्य तुटलंय." उजव्या हातावर रेष खरोखरच मधेच संपलेली दिसत होती.

मी आधी त्यांना विचारलं, "छाटणी अजून तुम्हीच करता का?" एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्हींत कात्रीचा दांडा तळव्याच्या मध्यावर दाबला जातो. तिथे घट्टा धरला होता. मग हात थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायला लावला, पुसला आणि भिंगातून बघितला. घट्ट्यावरची कातडी चकचकीत होती आणि बोटांच्या ठशासारखी बारीक नक्षी बुजलेली होती. घट्ट्याच्या अलीकडे रेष जिथे थांबत होती, त्याच सरळ ओळीत पलीकडे ती पुन्हा निघत होती. आमच्या परंपरेत तुटलेली रेष वेगळी दिसते. तिची दोन टोकं एकमेकांच्या बाजूने सरकलेली असतात किंवा एक दुसऱ्याला ओलांडून जातं. इथे तसं काही नव्हतं. डाव्या हातावर तीच रेष अखंड होती.

पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात बघावा असं आपल्याकडे म्हणतात. पण कष्टाच्या म्हाताऱ्या हातात मी दोन्ही बघतो आणि ज्या हाताने काम कमी झालंय तो मूळ समजतो. म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा, डावखुऱ्याचा उजवा. पुढे काकांनी कात्री मुलाकडे दिली, घट्टा मऊ पडला आणि रेष फिकट का होईना, पुन्हा दिसू लागली. माझ्या मते जुना ठसा नसेल तर "ही रेष नवी" किंवा "ही गेली" असं छातीठोकपणे सांगणं चूक आहे.

ठसाही फसवतो. तळव्याचा खोलगट भाग कागदाला टेकतच नाही, आणि नेमकी तिथूनच भाग्यरेषा जाते. म्हणून कागदाखाली रुमालाची घडी ठेवावी लागते, नाहीतर कोऱ्या जागेला लोक तुटलेली रेष समजतात.

सुरकुती आणि रेष वेगळी ओळखायची एक सोपी रीत आहे. दोन्ही बाजूंनी कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर सुरकुती नाहीशी होते, रेष राहते. अनामिकेच्या खाली नवी खळी किंवा दोरीसारखा ताठ पट्टा दिसला तर मी भविष्य सांगत नाही. हात टेबलावर पालथा ठेवून सपाट टेकतो का ते बघतो. टेकत नसेल तर तळव्याच्या आतल्या पडद्याचा आजार असू शकतो, मग डॉक्टरकडे पाठवतो.

आता वयाचा हिशेब. बरेच जण भाग्यरेषा मस्तकरेषेला भेटते ते पस्तिशीच्या आसपास आणि हृदयरेषा ओलांडते ते पन्नाशीच्या आसपास धरतात. म्हणजे पन्नाशीनंतरचं सगळं आयुष्य हृदयरेषेपासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंतच्या चिमूटभर जागेत बसवायचं असतं. तिथे केसभर चुकलं तरी काही वर्षांचा फरक पडतो. म्हणून मी सत्तरीच्या माणसाला आधी मागचं विचारतो : लग्न कधी, घर कधी बांधलं, मोठं आजारपण कधी. त्या खुणा जुळवून त्या हाताची मोजपट्टी ठरते आणि मगच पुढचं बोलता येतं. अर्थात मोजपट्टी अशी जुळवून घेतली की ती कशालाही जुळवता येते, हेही समोरच्याला सांगायला हवं. रेष आणि घटना यांचा संबंध विज्ञानाने सिद्ध केलेला नाही. मी तो परंपरेचं म्हणणं म्हणूनच सांगतो. पन्नाशीपुढचं अमुक साल नेमकं सांगणाऱ्यावर मात्र मी विश्वास ठेवत नाही.