'एकूण पृष्ठफळ' आणि चिकटलेली पानं

प्रश्न: "दहावीच्या भूमितीत एक खेळणं दिलं होतं. मधे वृत्तचिती, वर शंकू, खाली अर्धगोल. सगळ्यांची त्रिज्या ७ सेमी, वृत्तचितीची उंची १० सेमी, शंकूची उंची २४ सेमी. एकूण पृष्ठफळ काढा. मुलीने तिन्हींची एकूण पृष्ठफळं काढून मिळवली, तर चारपैकी दोन गुण गेले. 'एकूण' म्हणजे सगळ्यांची बेरीज नाही का? आणि 'पृष्ठफळ' बरोबर की 'पृष्ठभागाचे क्षेत्रफळ'?"

बेरीजच. पण बेरीज कशाची करायची ते 'एकूण' सांगत नाही, 'पृष्ठ' सांगतो, आणि त्या शब्दाकडे कुणी बघतच नाही. "एकूण शब्द दिसला की एकूणचं सूत्र लावा" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी चीड येते. वृत्तचितीच्या सूत्रातलं 'एकूण' म्हणजे तिचा बाजूचा भाग आणि वरखालची दोन झाकणं मिळून. खेळण्याच्या गणितातलं 'एकूण' म्हणजे त्या अख्ख्या खेळण्याचं. दोन्हीकडे शब्द एक, पण तो ज्याला लागतो ती वस्तू वेगळी. 'एकूण'बद्दल सांगण्यासारखं एवढंच.

खरी गंमत 'पृष्ठ' या शब्दात आहे. पृष्ठ म्हणजे पाठ. आपला 'पाठ' हा शब्दच प्राकृतातल्या 'पट्ठ'मधून 'पृष्ठ'पर्यंत मागे जातो. शिवाय मराठीत पृष्ठ म्हणजे पुस्तकाच्या पानाची एक बाजूही. पान एक असतं, पृष्ठं दोन असतात. हा फरक आपण रोज बोलताना पुसतो. छपाईच्या कामातली माणसं तो पुसत नाहीत, आणि या गणिताची किल्ली नेमकी त्या फरकात आहे.

दोन सुटी पानं घ्या. त्यांची मिळून पृष्ठं चार. आता ती एकावर एक ठेवून डिंकाने चिकटवा. वाचता येतील अशी पृष्ठं किती उरली? दोन. पानं दोनच आहेत, कागद तेवढाच आहे, वजनही कमी झालेलं नाही, पण एका जोडात दोन पृष्ठं गेली. एकच नाही, दोन. डिंक ज्या दोन बाजूंना लागला त्या दोन्ही. पाठीला पाठ लावून दोघं बसले की दोघांच्याही पाठी दिसेनाशा होतात, तसंच.

आता मुलीच्या उत्तराकडे या. π साठी २२/७ धरून ७ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४ चौसेमी. तिने शंकूचं एकूण पृष्ठफळ ७०४ काढलं असणार, वृत्तचितीचं ७४८, अर्धगोलाचं ४६२. बेरीज १९१४. बरोबर उत्तर १२९८. फरक ६१६, म्हणजे १५४ची बरोबर चौपट. खेळण्यात जोड दोन, प्रत्येक जोडात दोन पृष्ठं चिकटली, म्हणून चार वर्तुळं जास्तीची मोजली गेली. तिची गुणाकारात कुठेही चूक नाही. तिने डिंक लावलेली पृष्ठंही वाचली, एवढंच झालं.

मुलं आणखी एक अर्धी चूक करतात: एका जोडाचं एकच वर्तुळ वजा करतात. मग उत्तर १६०६ येतं. उत्तरपत्रिकेत असा आकडा दिसला की त्या मुलाला जोड दिसला होता, पण पानाला दोन बाजू असतात हे आठवलं नाही, असं खुशाल समजावं. वजाबाकीच्या या वाटेने जाऊच नये. खेळण्याभोवती बोट फिरवावं आणि जिथे बोट लागतं तेवढंच लिहावं: शंकूचं वक्रपृष्ठफळ, वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ, अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ. सपाट वर्तुळ इथे कुठेच बोटाला लागत नाही.

बोट फिरवण्याची ही कल्पना माझी नाही, तिचं मूळ फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत गोलाचं पृष्ठफळ सांगताना म्हटलं आहे, "परितः कन्दुकस्येव जालम्". चेंडूच्या भोवती सगळीकडून बसलेल्या जाळीसारखं. मला सबंध गणितात याहून नेमकी उपमा माहीत नाही. जाळी बाहेरून बसते, आत शिरत नाही, आणि दोन वस्तू जिथे चिकटल्या आहेत तिथे तिला जागाच नाही. त्याच श्लोकात मोजण्याची रीतही आहे: वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट करा. ७ सेमी त्रिज्येच्या गोलाला चार वेळा १५४, म्हणजे पुन्हा ६१६. आणि त्या फळाला त्यांनी विशेषण लावलं आहे 'पृष्ठजं', पृष्ठापासून जन्मलेलं. आपला 'पृष्ठफळ' हा शब्द घडलेला उघड्यावर पाहायचा असेल तर तो तिथे पाहावा.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नात मी ठामपणे 'पृष्ठफळ'च्या बाजूचा आहे. 'पृष्ठभागाचे क्षेत्रफळ' चूक नाही, परीक्षेत त्यासाठी गुण जाणार नाहीत. पण जे लोक ते अधिक शास्त्रीय म्हणून पुढे करतात त्यांचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. जुन्या गणितात क्षेत्र म्हणजे सपाट आकृती: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. तिचं फळ ते क्षेत्रफळ. गोलाच्या पाठीला सपाट क्षेत्र म्हणायचं आणि मग ते वाकलेलं आहे असं बजावायचं, ही उलटी वाट कशासाठी? क्षेत्राचं क्षेत्रफळ, पृष्ठाचं पृष्ठफळ, घनाचं घनफळ. तीन शब्द, तीन वस्तू. इतकी स्वच्छ मांडणी हाताशी असताना ती मोडण्याचं कारण नाही.

अधिकारी माणसांचे मतभेद तेव्हाही होतेच. गोलाच्या पृष्ठफळासाठी भास्कराचार्यांच्या आधीच्या लल्ल या गणितज्ञाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगितलं होतं, आणि भास्कराचार्यांनी आपल्या 'गोलाध्याय' या ग्रंथात त्याला स्पष्ट शब्दांत चूक म्हटलं. आपल्या चेंडूला ती रीत लावली तर १५४ गुणिले ४४, म्हणजे ६७७६ येतात. आकडा सोडा, एकक बघा: चौसेमीला सेमीने गुणलं की घसेमी होतात. पाठीचं माप घनात आलं, म्हणजे रीत चुकली. दहावीच्या मुलांनीही शेवटच्या ओळीत हीच खूण तपासावी.

आता माझा आवडता शब्द, 'पुठ्ठा'. माझं पक्कं मत आहे की पुठ्ठा हाही पृष्ठाच्याच घरातला. प्राकृतात पृष्ठाची 'पिट्ठ', 'पुट्ठ' अशीही रूपं झाली, आणि पुस्तकाच्या पाठीला जे लावायचं तो पुठ्ठा. कुणी तो 'पुट' म्हणजे घडी या शब्दाशी जोडेल. मला ते पटत नाही, कारण पुठ्ठ्याचं काम घडी पडू न देण्याचं आहे, आणि 'पुट'मधून 'ठ' यायला काही वाटही दिसत नाही. व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी वस्तू उपयोगाची आहे: हेच खेळणं पोकळ करायचं ठरलं तर पुठ्ठा किती लागेल? शंकू आणि वृत्तचिती यांच्या मधे आत पुठ्ठ्याची चकती कुणी बसवेल का? जेवढा पुठ्ठा लागेल तेवढं पृष्ठफळ.

गुणांचं राहिलं. गणितात गुण पायरीला असतात, नुसत्या उत्तराला नाही. अशा गणिताचे चार गुण साधारण असे वाटता येतात. पहिली पायरी तिरकस उंची: ७ आणि २४ यांच्या वर्गांची बेरीज ६२५, म्हणून l = २५ सेमी. दुसरी पायरी आकड्यांची नाही, वाक्याची: "खेळण्याचे पृष्ठफळ = शंकूचे वक्रपृष्ठफळ + वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ + अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ". तिसरी, πrl, 2πrh आणि 2πr² ही सूत्रं लिहून किमती घालणं: ५५०, ४४०, ३०८. चौथी, १२९८ चौसेमी, एककासह. मुलीची तिरकस उंची बरोबर होती, तिने लावलेली सूत्रं आणि घातलेल्या किमती त्या त्या आकृतीपुरत्या बरोबर होत्या, म्हणून दोन गुण हाती आले असणार. गेले ते वाक्याचे आणि उत्तराचे. तपासणाऱ्याने अन्याय केलेला नाही.

ती दुसरी पायरी बरीच मुलं लिहीतच नाहीत, एकदम आकड्यांवर जातात. मग उत्तर चुकलं की त्या गुणाला बसायला जागाच उरत नाही. सामाईक πr बाहेर काढला तर हिशेबही सोपा होतो: २२ गुणिले (२५ + २० + १४), म्हणजे २२ गुणिले ५९. पण ही सोय तिसऱ्या पायरीत करावी, वाक्याच्या जागी नाही.

घनफळाला यातलं काही लागू नाही. चिकटवल्याने आतला ऐवज कमी होत नाही, त्यामुळे तिथे शंकूचे १२३२, वृत्तचितीचे १५४० आणि अर्धगोलाचे सुमारे ७१८.६७ घसेमी सरळ मिळवायचे.

पानाची उपमा कुठवर जाते तेही सांगतो. शंकूचा तळ वृत्तचितीपेक्षा रुंद असेल तर मोठ्या पानावर छोटी चिठ्ठी चिकटवल्यासारखं होतं. चिठ्ठीभोवतीचा काठ वाचता येतोच. शंकूची त्रिज्या ७ आणि वृत्तचितीची ३.५ असली तर १५४ मधून ३८.५ वजा जाऊन ११५.५ चौसेमीचं कडं उघडं राहतं, आणि दुसऱ्या पायरीच्या वाक्यात त्याचं नाव आलंच पाहिजे.

पोकळीच्या गणितात मात्र पाठ हा अर्थ अपुरा पडतो, जाळी आणि बोट उपयोगी पडतात. ७ सेमी त्रिज्येची, २४ सेमी उंचीची वृत्तचिती घ्या आणि वरून तेवढ्याच त्रिज्येचा व उंचीचा शंकू कोरून काढा. घनफळ ३६९६ वरून २४६४ घसेमीवर उतरतं. पृष्ठफळ मात्र वाढतं. वरचं १५४चं झाकण गेलं, पण आतली ५५० चौसेमीची भिंत बोटाला लागायला लागली, म्हणून १३६४चे १७६० झाले. इथेही दुसरी पायरी वाक्याचीच: "तळाचे क्षेत्रफळ + वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ + पोकळीचे वक्रपृष्ठफळ". मुलीला हे गणित द्या, आणि सूत्र लिहिण्याआधी हे वाक्य लिहायला सांगा.