काकांना ‘जा’ म्हणू नकोस, पण तारीख विचार

ताई, डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्याचे काका आणि काकू लातूरहून आले, त्याला अडीच महिने होऊन गेले. काकांना गालाचा कॅन्सर आहे. टाटात ऑपरेशन झालं, आता रेडिएशन सुरू झालंय. बेडरूम त्यांना दिली, आम्ही हॉलमध्ये झोपतो. भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबत नाही. माझं कपाट त्यांच्या खोलीत, रोज सकाळी दार वाजवून कपडे काढावे लागतात. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही नवरा-बायको शेजारी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतो. नवरा अकरावी-बारावीला त्यांच्याकडे राहिला होता. काही बोललं की म्हणतो, “त्यांनी मला दोन वर्षं सांभाळलंय.” काकांची मुलगी वाशीला असते, पण लेकीच्या घरी इतकं राहणं बरं दिसत नाही म्हणे. आजारी माणसाला जा कसं म्हणू?
– नाव छापू नका, डोंबिवली

नाहीच म्हणायचं. आणि तसं म्हणायची वेळही येणार नाही. काकांच्या राहण्यापेक्षा त्या राहण्याला शेवट दिसत नाही, हे तुला जास्त छळतंय असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. तुझा नवरा लातूरला राहिला तेव्हा बारावीची परीक्षा झाली की तो घरी जाणार, हे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला असं काहीच माहीत नाही. कारण तारीख विचारणं म्हणजे माणुसकी सोडणं, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय.

तारीख मात्र हॉस्पिटलला माहीत असते. गालाच्या ऑपरेशननंतरचं रेडिएशन बहुतेक वेळा सोमवार ते शुक्रवार, साधारण सहा आठवडे चालतं. एकूण किती वेळा द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि काकांच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. नवऱ्याने एक दिवस रजा काढून स्वतः काकांबरोबर जावं आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटचा दिवस कोणता, आणि त्यानंतर गावी कधी जाता येईल? हा दुसरा प्रश्न विसरू नका. रेडिएशन संपलं तरी तोंडातल्या जखमा लगेच बऱ्या होत नाहीत, पुढचे दोन-तीन आठवडे तरी गिळायला त्रास होतो. शेवटच्या दिवशीच सामान बांधतील असं धरून बसलीस, तर तुझीच निराशा होईल. जी तारीख कळेल ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहा. काकांनाही ती हवी असेल. दुसऱ्याच्या घरात आजारी पडून राहणं त्यांना सुखाचं वाटत असेल, असं समजू नकोस.

आता वाशी. लेकीच्या घरी राहायचं नाही हा जुना संकोच मी समजू शकते, पण त्याची किंमत सुनेने का मोजायची? आणि काकांनी मुक्काम हलवावा असं मी म्हणतच नाही. शनिवार-रविवार रेडिएशन नसतं. शुक्रवारी ते आटोपलं की परळहून थेट वाशीला जायचं आणि सोमवारी तिथूनच हॉस्पिटलला यायचं. याला कोणी लेकीकडे राहणं म्हणणार नाही, आणि तुम्हाला आठवड्यातल्या तीन रात्री तुमचं घर मिळेल. ही गोष्ट तू काढू नकोस. तुझ्या नवऱ्याने चुलत बहिणीला फोन करावा आणि तिनेच आईवडिलांना बोलवावं. बाप आजारी असताना आपल्याकडे येत नाही, हे तिलाही सलत असेल.

घरातलं म्हणशील तर बेडरूम एवढ्यात परत मागू नकोस. रेडिएशन घेणारा माणूस दुपारपर्यंत गळून जातो, त्याला लोटता येणारं दार हवं. पण तुझं कपाट तिथे कशाला? येत्या रविवारी तुझे ऑफिसचे कपडे, टॉवेल, पर्स सगळं हॉलमध्ये आण. दिवाणाखाली जागा कर, नाहीतर एखादा प्लास्टिकचा ड्रॉवर घे. रोज सकाळी स्वतःच्याच खोलीचं दार वाजवायचं, ही गोष्ट दिसायला बारीक आहे, पण तीच माणसाला घरात उपरं करते.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्तही नवऱ्याचाच. या दिवसांत काकांना संसर्गापासून जपायचं असतं आणि तोंड सोललेलं असताना बोलणंही नको वाटतं, त्यामुळे कारण खरंच आहे, बहाणा शोधावा लागणार नाही. घरच्या ग्रुपवर त्याने एवढंच लिहावं: “काकांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. भेटायचं असेल तर आधी मला फोन करा, संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत या.” जेवायच्या वेळी कोणी टपकलं, तर चहा द्या आणि तिथेच थांबा.

हे सगळं नवऱ्याशी बोलायचं ते घरात नको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. जेवण झाल्यावर दोघं खाली फेरी मारायला जा. “तुझे काका कधी जाणार?” असं सुरू केलंस, तर तो त्या दोन वर्षांच्या मागे जाऊन उभा राहील. त्यापेक्षा म्हण, “काकांचं सगळं नीट करू या. फक्त कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते ठरवू या.” त्याच्यावर ऋण आहे, हे मान्य कर. ते खरंच आहे. पण ते त्याचं आहे. म्हणून पेज मिक्सरमधून काढणं, फाईल सांभाळणं, गाडीची सोय बघणं यातला मोठा वाटा त्याने उचलायला हवा. आज तो ऋण फेडतोय तुझ्या सकाळ-संध्याकाळी खर्च करून, हे त्याच्या लक्षात आलेलं नसावं.

आणखी एक वाट आजच चाचपून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जखमा वाढल्या की रोज डोंबिवली ते परळ लोकलने जाणं काकांनाच झेपेनासं होईल. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जायची मुभा आहे, ती अजून वापरत नसाल तर वापरा. तरी दोन्हीकडचे जिने आणि प्लॅटफॉर्मवरची गर्दी चुकत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. बाहेरगावचे रुग्ण आणि सोबतची माणसं तिथे राहतात. टाटातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा, कागदपत्रं काय लागतात ते तिथे कळेल. गेल्या गेल्या जागा मिळेलच असं नाही, म्हणून नाव आत्ताच नोंदवा. नंबर लागला तर काकांना विचारा, ठरवू दे त्यांना. हॉस्पिटल जवळ, आजूबाजूला त्याच आजारातून जाणारी माणसं. त्यांना तेच बरं वाटेल, अशीही शक्यता आहे. “धर्मशाळेत ठेवलं” असं नातेवाईक बोलतील. त्यांना उत्तर काकू देतील, तू देऊ नकोस.

आणि काका गावी गेले की विषय संपला, असं समजू नकोस. पहिल्या वर्षी तपासणीसाठी दर एक-दोन महिन्यांनी बोलावतात. तेव्हा ते तुमच्याकडेच उतरतील आणि उतरावंच. फक्त ते निघतील त्याच दिवशी नवऱ्याने त्यांना सांगून ठेवावं, “काका, अपॉइंटमेंटची तारीख कळली की मला कळवा, जाता-येताची तिकिटं मीच काढतो.”