‘त्याने/तिने’मधली तिरकी रेघ

प्रश्न: आमच्या ऑफिसात सूचना, मेल मराठीतून जातात. कोणी वगळलं जाऊ नये म्हणून ‘त्याने/तिने’, ‘करतो/ते’ असं लिहितो, पण मग मेल बँकेच्या फॉर्मसारखा दिसतो. ‘व्यक्ती’ शब्द तरी किती वेळा घालायचा? सरळ वाचता येईल असा काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. मराठीत लिंग फार ठिकाणी डोकावतं, पण ते कुठे डोकावत नाही हे एकदा पाहून ठेवलं की निम्म्या रेघा आपोआप गळतात.

पहिली जागा सर्वनामाची. आदरार्थी अनेकवचनात ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे, पण प्रत्यय लागला की दोघांचं रूप एकच होतं: त्यांना, त्यांनी, त्यांचा, त्यांच्याशी. ‘यांना’ आणि ‘ज्यांनी’चंही तसंच. म्हणून ‘ज्याला/जिला रजा हवी असेल त्याने/तिने’ याऐवजी ‘ज्यांना रजा हवी असेल त्यांनी’ म्हटलं की काम झालं. ‘प्रत्येकाने आपला अहवाल द्यावा’ हे वाक्य वरून निरुपद्रवी दिसतं, पण ‘प्रत्येकाने’ पुल्लिंगी आहे, स्त्रीसाठी ‘प्रत्येकीने’ होतं. ‘सर्वांनी आपापला अहवाल द्यावा’ असं लिहा. ‘आपापला’ अहवालाशी जुळतो, लिहिणाऱ्याशी नाही.

दुसरी जागा क्रियापदाची. शाळेत प्रयोग शिकताना कंटाळा आलेला असतो, पण इथे तेच उपयोगी पडतात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागे जातं, म्हणून ‘आलो’ की ‘आले’ हे ठरवावं लागतं. कर्मणीत ते कर्मामागे जातं: ‘मी यादी पाठवली’ हे लिहिणारा पुरुष की स्त्री, काही कळत नाही. भावेत ते कोणाच्याच मागे जात नाही: ‘सर्वांनी वेळेवर यावं’. भविष्यकाळही मोकळा आहे (‘कळवेन’, ‘येणार आहे’), आणि ‘पाठवत आहे’सुद्धा. ‘आम्ही कळवतो’, ‘तुम्ही पाठवता’ यांतही भेद नाही. अडचण उरते ती मुख्यतः एकट्या ‘मी’च्या ‘करतो/करते’मध्ये, ‘होतो/होते’मध्ये आणि भूतकाळातल्या काही क्रियापदांत: येणे, जाणे, बोलणे, भेटणे, विसरणे, शिकणे. गंमत म्हणजे यातली बरीच ऑफिसच्या मेलमध्ये रोज लागतात.

एक नमुना घेऊ. असे मेल आमच्याकडेही जायचे, माझ्या हातूनही गेलेत:

‘उद्या आपल्या विभागात नवा/नवी समन्वयक रुजू होत आहे. त्याला/तिला लॅपटॉप आणि ओळखपत्र पहिल्याच दिवशी मिळायला हवं. तो/ती पहिला आठवडा प्रशिक्षणात असेल. काही अडचण आली तर त्याने/तिने माझ्याशी बोलावं. मी लेखा विभागाशी बोललो/ले आहे. मागच्या मेलला यादी जोडायला विसरलो/ले.’

आता हाच मेल:

‘उद्या आपल्या विभागात समन्वयक म्हणून एक नवीन सहकारी रुजू होत आहेत. त्यांना लॅपटॉप आणि ओळखपत्र पहिल्याच दिवशी मिळायला हवं. पहिला आठवडा त्यांचं प्रशिक्षण असेल. काही अडचण आली तर त्यांनी माझ्याशी बोलावं. लेखा विभागाशी माझं बोलणं झालं आहे. मागच्या मेलला यादी जोडायची राहिली, ती सोबत आहे.’

‘नवा/नवी’ची जागा ‘नवीन’ने घेतली, कारण ते विशेषण बदलत नाही. ‘एक’ मुद्दाम घातला आहे. नुसतं ‘नवीन सहकारी रुजू होत आहेत’ वाचून एखादा तीन लॅपटॉप मागवायचा. आदरार्थी अनेकवचनाचा हाच एक तोटा, माणूस एक की अनेक ते कळत नाही.

पण खरी मजा शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ‘बोललो/ले’चं ‘बोलणं झालं’ आणि ‘विसरलो/ले’चं ‘जोडायची राहिली’ ही काही पळवाट म्हणून शोधलेली रूपं नाहीत, आपण घरी असंच बोलतो. अशीच ‘आमची भेट झाली’, ‘मी रजेवर होतो/ते’ऐवजी ‘माझी रजा होती’, ‘येऊ शकतो/ते’ऐवजी ‘मला येता येईल’ किंवा नुसतं ‘जमेल’. ‘विनंती करतो/करते’ला ‘विनंती आहे’ पुरतं आणि ‘इच्छितो/ते’ तर तसंही मेलमध्ये जडच वाटतं.

एका रस्त्याला मात्र जाऊ नका. लिंग टाळायचं म्हणून सगळं ‘करण्यात येईल’, ‘कळविण्यात येत आहे’ असं लिहिलं तर मेल सरकारी परिपत्रक होतो आणि काम कोणी करायचं तेच हरवतं. ‘व्यक्ती’चंही असंच. शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, त्यामुळे पुढे ‘तिने’ येतं. एकदा चालतं, पण तीन ओळी खाली फक्त ‘तिने’ दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, बाईंबद्दलच चाललंय.

पदनामांबद्दल माझं मत सरळ आहे. पद तेच ठेवावं, क्रियापद बदलावं. ‘जिल्हाधिकारी आल्या’, ‘डॉक्टर म्हणाल्या’ हे कानाला केव्हाच रुळलंय. कोणाला स्वतःला ‘संचालिका’ म्हणवून घ्यायचं असेल तर तसं लिहावं, उगाच बदलू नये. आणि स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणात ‘सपत्नीक यावे’ अजून दिसतं, त्याऐवजी ‘सहकुटुंब’ लिहिलं की कोणीच बाहेर राहत नाही.

नावाआधीच्या उपाधीत मात्र जास्त सांभाळावं लागतं. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लग्नाची चौकशी करतात. ‘श्रीमती’ सरकारी पत्रांत सर्व स्त्रियांना सरसकट लावतात, पण बऱ्याच मराठी घरांत तिचा अर्थ विधवा असा घेतला जातो आणि वाचणारीला लागू शकतं. ‘मा.’ सर्वांना चालतं. रोजच्या मेलला नुसतं ‘नमस्कार किरण’ पुरे. किरण, शीतल, स्नेहल ही नावं मुलांचीही असतात आणि मुलींचीही, त्यामुळे ‘सर’ लिहून पुढच्या मेलला माफी मागण्याची वेळ माझ्यावर एकदा आलेली आहे.

सहकारी स्वतःला पुरुष किंवा स्त्री म्हणवत नसतील तर? ‘ते आलं’ असं नपुंसकलिंग अजिबात नको. मराठीत ते लहान मुलाला किंवा वस्तूला लागतं, मोठ्या माणसाला लावलं की हिणवल्यासारखं होतं. ‘त्यांनी’, ‘त्यांना’वर पुष्कळ निभतं. ‘आले’ की ‘आल्या’ इथे गाडी अडली तर त्यांनाच विचारावं.

राहिला मेलचा शेवट. ‘आपला/आपली विश्वासू’ लिहायची गरज नाही. ‘कळावे’ आणि खाली नाव.