टर्बो डिझेलची पॉवर उंचीवर कमी होत नाही म्हणतात, मग लडाखमध्ये माझी गाडी का दमली?

हेच म्हणणारा एक सुपरवायझर मला लेहजवळ रस्त्याच्या कामावर भेटला होता. मी तिथे टिपरांचा मेकॅनिक. चढाला टिपर ओढत नाही अशी ड्रायव्हरांची तक्रार, आणि हा बूस्ट गेजवर बोट ठेवून म्हणायचा, "खाली एक बार, इथंही एक बार. इंजिन ठणठणीत आहे, तुमची पोरं कामचुकार आहेत." फेऱ्या कमी झाल्या म्हणून त्यांचे पैसेही कापले.

गेज बरोबर होतं, त्याचा अर्थ चुकीचा लावला जात होता. गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे एवढंच दाखवतं. समुद्रसपाटीला बाहेर साधारण 1 बार, त्यावर टर्बोचा 1, म्हणजे इंजिनला 2 बार मिळतात. लेहला, 3500 मीटरवर, बाहेर 0.65च्या आसपास उरतो, म्हणजे एकूण 1.65. वेस्टगेट म्हणजे दाब पुरेसा झाला की जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं झाकण. आमच्या टिपरांचा वेस्टगेट साध्या स्प्रिंगचा, बाहेरच्या दाबाच्या हिशेबानं उघडणारा. त्यामुळे काटा जागचा हलत नाही आणि हवा मात्र सहाव्या हिश्श्यानं घटते. बिनटर्बोचं इंजिन तिथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गमावतं. म्हणजे टर्बो बरंच वाचवतो, सगळं नाही.

मी हे सांगूनही त्यानं दुसऱ्याकडून एका टिपरच्या वेस्टगेटचा रॉड आवळून घेतला, म्हणजे तो उशिरा उघडेल आणि दाब वाढेल. आता लेहला पुरे 2 बार हवे असतील तर टर्बोला हवा तिपटीहून जास्त दाबावी लागते. खाली दुप्पट दाबताना ती शंभर अंशांच्या आसपास तापते, तिप्पट दाबताना दीडशेच्या जवळ जाते, आणि विरळ हवेत इंटरकूलरही तिला नीट थंड करू शकत नाही. शिवाय टर्बोचं चाक त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतं. त्या टिपरची शिट्टी आधी चिरकी झाली, मग इंटरकूलरच्या पाइपात ऑइल दिसू लागलं. मी पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवला तर तो आडवा डुलत होता, आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोकं हाउसिंगला घासून झिजली होती. टर्बो बदलावा लागला.

तुमची गाडी नवी असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खरा दाब मोजतो आणि उंचीवर वेस्टगेट जास्त मिटलेला ठेवतो, त्यामुळे काही उंचीपर्यंत पॉवर टिकते. वेस्टगेट पूर्ण मिटला की पुढे द्यायला काही उरत नाही. टर्बो वाचवायला ईसीयू डिझेलही कमी करतो.

आणि जागेवरून उठताना कोणताच टर्बो कामाचा नाही, कारण कमी आरपीएमला त्याला फिरवायला एक्झॉस्टच पुरत नाही. तेव्हा इंजिनला बाहेरची विरळ हवाच मिळते. म्हणून वळणावर मधेच थांबू नका, लवकर खालचा गिअर टाका. मालकांनो, ड्रायव्हर हे सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा.

हे आकडे फक्त दाबाचे आहेत; थंडीत हवा घट्ट असते, तोटा थोडा कमी भरतो. आणि गाडी मनालीत उतरल्यावरही दमत असेल तर उंचीला दोष देऊ नका, धुळीनं चोंदलेला एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या होजची क्लिप बघा.