दोन किलो पनीरला दूध किती?

"रविवारी २५ माणसं जेवायला आहेत. दोन किलो पनीर घरीच करायचंय. गायीच्या एक लिटर दुधाचं करून पाहिलं तर १४० ग्रॅमच निघालं. माझं काय चुकलं? दूध किती आणू?"

ताई, चुकलं काहीच नाही. साडेतीन टक्के फॅटच्या गायीच्या दुधातून लिटरमागे १४०-१५० ग्रॅमच निघतं. पनीर म्हणजे दुधातलं फॅट आणि प्रथिनं, वर निम्म्याहून जास्त पाणी. गायीच्या लिटरभर दुधातले पनीरमध्ये उतरणारे घन पदार्थ साधारण ६५ ग्रॅम असतात, सहा टक्के फॅटच्या म्हशीच्या दुधात ९५ च्या आसपास. म्हणून म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध लिटरला २०० ग्रॅमपर्यंत जातं.

तुमचा हिशोब असा: तुमच्या गायीच्या दुधाने २००० भागिले १४०, म्हणजे सव्वाचौदा लिटर. फुल क्रीमने दहा. कापडाला चिकटतं, तुकडे करताना कडा जातात, म्हणून मी अकरा आणते. दोन्हींचा दर लिटरमागे न बघता किलोभर पनीरमागे बघा. स्वस्त दूध बऱ्याचदा महागच पडतं.

वजन मात्र दाबल्यावरच करा. ओला गोळा तीनशे ग्रॅम भरतो आणि आपण खूश होतो. तासाभराने त्यातलं बरंचसं पाणी मोरीत गेलेलं असतं. आणि शक्य असेल तर त्याच डेअरीच्या एक लिटर दुधाचं आधी करून पाहा. गवळी बदलला की आकडा बदलतो.

आता उतारा कुठे बुडतो ते सांगते. पहिल्यांदा मी आठ लिटर एकाच पातेल्यात उकळत ठेवलं आणि लिंबू खळखळत्या दुधातच पिळलं. खाली लागलं, वर रवाळ, कोरडा चोथा झाला, आणि वजन जेमतेम सव्वा किलो. आता तीन-तीन लिटरच्या घाण्यात करते. उकळी आली की गॅस बंद, पाचेक मिनिटं थांबायचं, मग तीन लिटरला सहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड सहाशे मिली गरम पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओतायचं, हलक्या हाताने ढवळायचं. पाणी हिरवट-पिवळं आणि निवळ दिसलं की थांबा, उरलेलं ओतू नका. पाणी दुधाळ असेल तर तुमचं पनीर त्यातच आहे, अजून चमचा-दोन चमचे लागेल. निवळ झाल्यावरही ओतत राहिलात तर पनीर आंबट आणि घट्ट होतं.

कापडात गुंडाळून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा, अर्धा-पाऊण तास. दगडी वरवंटा रात्रभर ठेवू नका. पाणी जितकं जाईल तितकं वजन कमी भरतं, आणि भाजीत तुकडे रबरासारखे लागतात. शनिवारी संध्याकाळी करून थंड पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवलंत तर रविवारी नीट कापता येतं.

ते निवळ पाणी कणकेला वापरा, पंचवीस माणसांच्या पोळ्यांना पुरून उरेल.